बोअरचे लॉग एका रेषेत लावून बघा

डिझायनर मंडळी सॉइल रिपोर्ट हातात आला की थेट शेवटचं पान उघडतात. तिथे एक आकडा असतो: एसबीसी, म्हणजे सुरक्षित भारक्षमता. तो घेतला की फुटिंगचं डिझाइन सुरू. पण रिपोर्टमधली उणीव त्या पानावर सापडत नाही, ती बोअरच्या लॉगमध्ये असते. दख्खनच्या बेसॉल्टवरच्या प्लॉटसाठी ती कशी शोधायची, हे एका कल्पित उदाहरणाने बघू.

प्लॉट थोडा उताराचा आहे आणि चार बोअर घेतलेत. सगळीकडे वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली खडक. रिपोर्ट म्हणतो की जमिनीपासून २ मीटर खोलीवर पाया घ्या, भारक्षमता सगळीकडे ३०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. वाचायला सगळं ठीक वाटतं.

आता एक साधं काम करा. लॉगमधली खोली जमिनीपासून मोजलेली असते, आणि इथे जमीनच वरखाली आहे. म्हणून प्रत्येक बोअरच्या जमिनीच्या पातळीतून खोली वजा करा आणि सगळे लॉग एकाच कागदावर, एकाच पातळीच्या संदर्भाने शेजारी-शेजारी काढा.

बोअर १ ची जमीन १०२.० वर आहे आणि ७.५ मीटरवर लाल मातीचा थर लागलाय. बोअर २ ची जमीन १०१.२, लाल थर ६.७ मीटरवर. खोल्या वेगळ्या, म्हणून नुसतं वाचताना कुणाला काही वाटत नाही. पण वजाबाकी केली की दोन्हीकडे उत्तर येतं ९४.५. हा योगायोग नसावा. बेसॉल्टचा लाव्हा थरांवर थर साचत गेला, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये बऱ्याचदा असा चिकणमातीचा लाल थर सापडतो. त्याला 'रेड बोल' म्हणतात.

बोअर ४ मध्ये, जमीन ९९.६, लाल थराचा उल्लेखच नाही. तिथे ४.५ ते ६.० मीटरच्या टप्प्यात फक्त 'फार झिजलेला बेसॉल्ट' लिहिलंय आणि कोअर रिकव्हरी ४० टक्के. म्हणजे दीड मीटर ड्रिल केलं आणि पेटीत ६० सेंटिमीटर खडक आला. उरलेले ९० सेंटिमीटर कुठे गेले? मऊ माल ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जातो, कडक तुकडे तेवढे राहतात. आणि ९४.५ ही पातळी इथे ५.१ मीटरवर येते, नेमकी त्याच टप्प्यात.

बोअर ३ तर ४ मीटरवरच थांबवलाय, कारण एसपीटीला 'रिफ्यूजल' आला, म्हणजे ठोके मारूनही नमुनानळी पुढे जाईना. कोअर काढलेलाच नाही. इथली जमीन ९९.०, म्हणजे बोअर संपला ९५.० वर, लाल थराच्या अपेक्षित पातळीच्या जेमतेम अर्धा मीटर वर! शिवाय रिफ्यूजल म्हणजे सलग कातळच असं नाही. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये मुरुमात अडकलेले मोठे गोल धोंडेही असतात.

याने किती फरक पडतो? ३ मीटर चौरस फुटिंग धरा आणि भार खाली जाताना दर दोन मीटरला प्रत्येक बाजूला एक मीटर रुंदावतो, असा ढोबळ हिशेब करा. बोअर १ पाशी लाल थर पायाच्या ५.५ मीटर खाली आहे. तिथे ३०० पैकी साधारण ३७ पोचतात. बोअर ३ पाशी तो असला तर २.५ मीटरवरच, आणि तिथे पोचतात जवळपास ९०. एकाच इमारतीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचण्याची ही शक्यता आहे, आणि रिपोर्टने मात्र दोन्हीकडे एकच आकडा दिलाय.

हे सगळं अजून अनुमानच आहे बरं का. लाल थर मध्येच संपूही शकतो, कधी तो भाजल्यासारखा टणकही असतो. म्हणून लगेच पाइल फाउंडेशनकडे धावू नका. आधी कोअरच्या पेट्यांचे फोटो आणि ड्रिलरची रोजची नोंदवही मागा. बाहेर येणारं पाणी लालसर झालं असेल तर चांगला ड्रिलर ते लिहून ठेवतो. मग बोअर ३ शेजारी एक नवा बोअर ९२.० पातळीपर्यंत घ्यायला सांगा. डबल किंवा ट्रिपल ट्यूब कोअर बॅरल वापरायला सांगा, म्हणजे मऊ माल वाहून जाणार नाही. लाल थराचा अखंड नमुना मिळाला तर त्याची दाबक्षमता आणि फुगण्याची चाचणी करा. आधीचे बोअर उन्हाळ्यात घेतले असतील तर पावसाळ्यात पाण्याची पातळी पुन्हा मोजा, कारण या थरावर पाणी अडून राहतं आणि भिजल्यावर तो मऊ पडतो.

थर मऊ निघाला तर त्या कोपऱ्यातलं फुटिंग रुंद करून भागेल, की पाया थराखाली न्यावा लागेल, हे खचण्याचा हिशेब सांगेल. नाही निघाला तर आधीचं डिझाइन तसंच ठेवा. पण काँक्रीट ओतल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही.