विशेषणे गाळून उरते ते प्रतिज्ञापत्र

दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास 2002 पासून बहुतेक वेळा तोंडी होत नाही. साक्षीदार जे पिंजऱ्यात उभा राहून सांगणार, तेच लेखी प्रतिज्ञापत्रात देतो आणि पिंजऱ्यात त्याच कागदावर उलटतपास होतो. म्हणून या कागदात कायद्याला फक्त साक्ष हवी असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19, नियम 3 म्हणतो की प्रतिज्ञापत्र शपथकर्त्याला स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशा घटनांपुरतेच मर्यादित असावे. ऐकीव गोष्टी किंवा युक्तिवाद विनाकारण घातला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास त्या प्रतिज्ञापत्राचा खर्च दाखल करणाऱ्याच्याच माथी बसतो.

पक्षकार मात्र आपली हकिकत अशी सांगत नाही. तो रागाने सुरुवात करतो, मध्येच दहा वर्षे मागे जातो आणि न्यायाधीशाचे कामही स्वतःच उरकून टाकतो. हातउसन्या पैशांच्या दाव्यातला हा एक काल्पनिक मसुदा पाहा:

“प्रतिवादी माझा शेजारी असून पहिल्यापासूनच लबाड आहे. मुलीच्या लग्नाला त्याने हातापाया पडून पैसे मागितले म्हणून मी माणुसकीने दोन लाख दिले. परत करण्याची त्याची दानत कधीच नव्हती. दिवाळीत मागितले तर टाळाटाळ केली. त्याच पैशातून त्याने गाडी घेतली हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. मध्ये एकदा तीस हजारांचा चेक दिला, पण तो निव्वळ डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी. त्यामुळे रक्कम फेडणे त्याच्यावर बंधनकारक आहे.”

यातले प्रत्येक वाक्य एकाच प्रश्नावर घासून पाहायचे असते: हे शपथकर्त्याने स्वतः पाहिले, ऐकले किंवा केले आहे काय? पैसे दिले हे त्याने स्वतः केले, म्हणून ते राहते. ‘लबाड’ हे मत आहे. ‘दानत नव्हती’ हा दुसऱ्याच्या मनाबद्दलचा तर्क आहे. गाडीची गोष्ट ऐकीव आहे आणि कर्ज सिद्ध करायला तिची गरजही नाही. शेवटचे वाक्य म्हणजे निष्कर्ष, आणि तो काढण्याचे काम न्यायालयाचे. ‘टाळाटाळ’ थोडे फसवे आहे. ती घटना वाटते, पण खरे तर तो घटनेवर मारलेला शिक्का आहे. शेजारी नेमके काय बोलला हे विचारले की शिक्क्याखालची घटना हाती येते.

तारखांसाठी स्मरणशक्तीपेक्षा कागद बरे. पासबुक, खातेउतारा, नोटिशीची स्थळप्रत आणि पोस्टाची पोचपावती आधी टेबलावर मांडायची, त्यांवरच्या तारखा ओळीने लिहायच्या आणि मग आठवणीतल्या घटना त्यांच्यामध्ये बसवायच्या. एखादी तारीख आठवत नसेल तर ‘सुमारे’ किंवा ‘एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात’ असे लिहिणे योग्य. मसुदा नेटका दिसावा म्हणून तारीख बसवून दिली, तर उलटतपासात पहिला घाव तिथेच बसतो.

ही चाळणी लावल्यावर तोच मजकूर असा होतो:

1. मी व प्रतिवादी 2012 पासून एकाच इमारतीत शेजारी राहतो.

2. दि. 18/04/2022 रोजी सायंकाळी प्रतिवादी माझ्या घरी आला. त्याने मुलीच्या लग्नासाठी रु. 2,00,000 हातउसने मागितले व मागताच परत देईन असे सांगितले. त्या वेळी माझी पत्नी हजर होती.

3. दि. 20/04/2022 रोजी मी माझ्या बचत खात्यातून प्रतिवादीच्या खात्यात रु. 2,00,000 एनईएफटीने पाठवले. खातेउतारा दस्त क्र. 1 म्हणून दाखल केला आहे.

4. दि. 16/01/2023 रोजी प्रतिवादीने वरील रकमेपैकी परतफेड म्हणून स्वतःच्या सहीचा रु. 30,000 चा चेक मला दिला. तो दि. 17/01/2023 रोजी वटला. ती नोंद दस्त क्र. 1 मध्ये आहे.

5. दि. 14/11/2023 रोजी, दिवाळी पाडव्याला, मी प्रतिवादीकडे उरलेले रु. 1,70,000 मागितले. “मार्चनंतर बघू” असे तो म्हणाला.

6. दि. 02/06/2025 रोजी मी वकिलामार्फत नोटीस पाठवली. स्थळप्रत दस्त क्र. 2 व पोचपावती दस्त क्र. 3 आहे. आजपर्यंत रक्कम मिळालेली नाही.

मूळ मसुद्यात चेक दिवाळीच्या नंतर आला होता, तोही ‘मध्ये एकदा’ म्हणून. कालक्रमाने तो दिवाळीच्या दहा महिने आधीचा निघाला. आता समजा, हा दावा 10/09/2025 रोजी दाखल झाला आहे. मागताच परत द्यायच्या उसन्या रकमेची मुदत पैसे दिल्यापासून 3 वर्षे, म्हणजे 20/04/2025 ला संपते. त्या हिशेबाने दावा मुदतबाह्य ठरला असता. पण मुदत कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, मुदत चालू असताना कर्जापोटी काही रक्कम फेडली आणि त्याची नोंद फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तर फेडीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. सहीचा तो चेक दावा 2026 च्या जानेवारीपर्यंत जिवंत ठेवतो. रागाच्या भरात वादी ज्या चेकला ‘डोळ्यांत धूळ’ म्हणत होता, त्याच्यावरच त्याचा दावा उभा आहे. शिवाय तो शेरा राहिला असता, तर चेक कर्जफेडीचा नव्हताच असे म्हणायला प्रतिवादीला वादीचेच वाक्य मिळाले असते.

गाळलेला युक्तिवाद वाया जात नाही. मुदतीचे गणित, कलमे आणि प्रतिवादीच्या वागण्याचा अर्थ यांची जागा पुरावा संपल्यानंतरच्या युक्तिवादात आहे. मात्र प्रतिज्ञापत्र दाव्याच्या पुढे जाऊ शकत नाही. चेकची घटना आणि तिच्यामुळे मुदत वाढल्याचे म्हणणे मूळ दाव्यातच नसेल, तर सरतपासात ते घुसवून भागत नाही. लपूनछपून येणारा युक्तिवाद ओळखायला ‘त्यामुळे’, ‘साहजिकच’, ‘जाणूनबुजून’, ‘वास्तविक’ हे शब्द शोधावेत. त्यांच्या मागेपुढे तो हमखास सापडतो. शपथकर्त्याला गैरसोयीची घटना मात्र कधी गाळू नये. मसुदा सुटसुटीत करणे वेगळे आणि साक्ष बदलणे वेगळे.

वाणिज्य न्यायालयांच्या 2015 च्या कायद्याने ही पद्धत वाणिज्य दाव्यांसाठी नियमातच आणली. घटना कालक्रमाने द्याव्यात, परिच्छेदांना क्रमांक असावेत, एका परिच्छेदात शक्यतो एकच विषय असावा आणि तारखा अंकांत लिहाव्यात, असे त्यात सांगितले आहे. प्रतिज्ञापत्र दाव्याची नुसती नक्कल असेल किंवा त्यात कायद्याचे मुद्दे असतील, तर न्यायालय ते किंवा त्यातला तेवढा भाग काढून टाकू शकते.

क्रमांकांचा शेवटचा उपयोग सत्यापनात होतो. ‘मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक’ या 1952 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी सचिवाच्या प्रतिज्ञापत्राचे सत्यापन सदोष ठरवले. काही बाबी त्यांना स्वतःला माहीत असल्याचे मजकुरावरून दिसत होते, तरी सत्यापनात सगळेच सरसकट ‘माहिती व विश्वासाप्रमाणे खरे’ म्हटले होते. वरच्या नमुन्यात मात्र ‘परिच्छेद 1 ते 6 माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरे आहेत’ एवढे एक वाक्य पुरते. पत्नीने काय ऐकले हे सांगायचे असेल, तर त्यासाठी पत्नीचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र लागते.