भीमा की चंद्रभागा?

उजनी धरणातून पाणी सुटले की बातमी येते, ‘चंद्रभागेला पूर’. धरण मात्र भीमेवर आहे. नदी एकच. भीमाशंकरला उगम पावून ती पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. पंढरपुरात तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून तेवढ्या भागात ती चंद्रभागा.

औपचारिक लेखनात कोणते नाव घ्यायचे, हे विषयाच्या व्याप्तीवर ठरवावे. विसर्ग, खोरे, पाणीवाटप यांबद्दल लिहिताना भीमा. घाट, वाळवंट, वारकऱ्यांचे स्नान यांबद्दल चंद्रभागा. तिथे भीमा लिहिले तर पंढरपूरकरालाच ते परके वाटेल. अहवालात दोन्ही येणार असतील, तर पहिल्या उल्लेखात ‘भीमा (पंढरपुरात चंद्रभागा)’ असे लिहून पुढे भीमाच ठेवावे. नाहीतर उजनीच्या विसर्गाचा आकडा एका नदीचा आणि पंढरपूरच्या पातळीचा दुसरीचा, असे वाचकाला वाटते.

नुसते ‘चंद्रभागा’ लिहिण्यात आणखी एक धोका आहे. अमरावती जिल्ह्यातही चंद्रभागा नदी आहे. शिवाय हिमाचलात चंद्रा आणि भागा तांदीजवळ मिळून होणाऱ्या चिनाबचेही ते नाव. म्हणून नावासोबत जिल्हा किंवा खोरे लिहावे. नकाशा शोधणाऱ्याला पंढरपूरऐवजी लाहौलला पोहोचायचे नसते.