पंधरावं वाक्य कुणाचं?

परदेशातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या निबंधासोबत हल्ली बऱ्याचदा एक अहवाल जोडलेला असतो. वर एक टक्केवारी, खाली त्यांचाच निबंध, आणि त्यातली काही वाक्यं रंगवलेली. रंगवलेली म्हणजे ती एआयने लिहिली असावीत, असा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अंदाज. पाहणारा गोंधळतो तो पुढच्या गोष्टीने. पहिला परिच्छेद सगळा रंगलेला, दुसरा कोरा करकरीत, तिसऱ्याची शेवटची दोनच वाक्यं रंगलेली. लिहिणारी सांगते, सगळं मीच लिहिलंय. शिक्षकांना मात्र वाटतं की नेमकी कुठे चोरी झाली तेच सॉफ्टवेअरने बोट ठेवून दाखवलं. तसं ते दाखवत नाही. रंगाची सीमा आणि लेखक बदलल्याची सीमा यांत फरक असतो, आणि तो कुठून येतो हे समजायला अहवाल तयार कसा होतो ते पाहावं लागतं.

२०२३च्या जानेवारीत प्रिन्स्टनच्या एडवर्ड टियान या विद्यार्थ्याने ‘जीपीटीझिरो’ हे साधन लोकांपुढे आणलं. त्यामागची कल्पना साधी होती. भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दापाशी थांबून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधतं. मजकुरातले शब्द या अंदाजाप्रमाणेच येत गेले तर मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता जास्त, आणि शब्द अंदाज चुकवत गेले तर कमी. आजची साधनं याहून बरीच पुढे गेली आहेत. माणसांचा आणि यंत्रांचा ढीगभर मजकूर वाचून ती शिकलेली असतात. तरी अपेक्षित आणि अनपेक्षित हा भेद त्यांच्या मुळाशी राहतोच.

आता दोन वाक्यं घ्या. ‘महाराष्ट्रातील बहुतांश शेती ही पावसावर अवलंबून आहे.’ आणि ‘बोअरला पाणी लागलं ते चौथ्या दिवशी, तेही काकांच्या बांधाला खेटून, म्हणून वाद.’ पहिल्यात ‘पावसावर’नंतर काय येणार हे कुणीही सांगेल. दुसऱ्यात ‘खेटून’ आणि ‘म्हणून वाद’ कुणाला आधी सुचणार नाही. पण पहिलं वाक्य यंत्राचंच कशावरून? भूगोलाच्या शिक्षकांनी ते आयुष्यभर लिहिलंय. खरं तर त्या एका वाक्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही, कारण माणूस आणि यंत्र दोघंही ते अक्षरशः तसंच लिहितील. सुटं वाक्य तपासण्यातली मूळ अडचण हीच आहे. आठ-दहा शब्दांत पुरावा मावत नाही. एक शब्द बदलला तरी गुण इकडचे तिकडे होतात. आठशे शब्दांच्या मजकुरात असे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. संख्याशास्त्राचा ढोबळ नियम असा की मजकूर सोळापट वाढला तर योगायोगाने होणारी हेलकावणी चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच ओपनएआयने २०२३मध्ये काढलेलं (आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलेलं) साधन एक हजार अक्षरांखालच्या मजकुराला हातच लावत नव्हतं. ‘टर्निटिन’ किमान तीनशे शब्द मागतं.

मग वाक्यं रंगवतात कशी? तर वाक्य एकटं कधी तपासलंच जात नाही. टर्निटिनने स्वतःची पद्धत जाहीर केलेली आहे. मजकुराचे साधारण पाच ते दहा वाक्यांचे तुकडे पाडायचे, तेही एकमेकांवर चढलेले, म्हणजे एकच वाक्य अनेक तुकड्यांत येईल असे. प्रत्येक तुकडा मॉडेलपुढे ठेवायचा, आणि त्यावरून त्या त्या वाक्याला शून्य ते एक यांमधला गुण द्यायचा. या तुकड्यांना खिडक्या म्हणू. थोडक्यात, वाक्याला मिळणाऱ्या गुणात शेजाऱ्यांचा वाटा असतो.

हा वाटा किती, ते एका काल्पनिक निबंधावर करून पाहू. आकडे सोयीसाठी लहान घेतो आणि नियमही सोपा ठेवतो. खरं मॉडेल असं ठोक काम करत नाही, पण गुंता याच जातीचा असतो. निबंध चाळीस वाक्यांचा आहे. १६ ते २२ ही सात वाक्यं विद्यार्थिनीने एआयकडून घेतली, बाकीची तेहेतीस तिची स्वतःची. खिडकी पाच वाक्यांची, दर वेळी एक वाक्य पुढे सरकणारी. खिडकीत एआयची दोन किंवा अधिक वाक्यं असली तर मॉडेल त्या खिडकीला एक देतं, नाहीतर शून्य. वाक्याचा गुण म्हणजे ते ज्या पाच खिडक्यांत येतं त्यांची सरासरी, आणि अर्ध्याहून जास्त गुण मिळाला तर वाक्य रंगतं.

पंधरावं वाक्य तिचं स्वतःचं आहे. ते कोणत्या खिडक्यांत येतं? ११ ते १५, १२ ते १६, १३ ते १७, १४ ते १८ आणि १५ ते १९. यांत एआयची वाक्यं अनुक्रमे शून्य, एक, दोन, तीन आणि चार. म्हणजे पहिल्या दोन खिडक्यांना शून्य, पुढच्या तिन्हींना एक. सरासरी ०.६. पंधरावं वाक्य रंगलं. चौदाव्याला ०.४ मिळतात, ते वाचलं. दुसऱ्या टोकाला तेविसावं वाक्यही ०.६ घेऊन रंगतं. अहवालात रंगलेली वाक्यं नऊ, म्हणजे २२.५ टक्के. खरी सात, म्हणजे १७.५ टक्के. दोन निर्दोष वाक्यांनी हा आकडा विसाच्या अलीकडून पलीकडे नेला. विसाचा उल्लेख उगाच नाही केला. वीस टक्क्यांखालचे निकाल कमी भरवशाचे असतात, म्हणून टर्निटिन तिथे नेमका आकडा न देता नुसती फुली टाकतं.

उलटंही करून पाहा. समजा तिने सलग सात वाक्यं न घेता एकच वाक्य उचललं आणि ते विसाव्या जागी बसवलं. कुठल्याही खिडकीत एआयचं एकच वाक्य येणार, म्हणून सगळ्या खिडक्यांना शून्य. उचललेलं वाक्य सहीसलामत सुटलं. सलग नक्कल पकडताना ही पद्धत शेजारच्यांना ओढते, आणि तुरळक नक्कल तिच्या हातून निसटते.

हा नुसता कागदावरचा खेळ आहे असं वाटू शकेल. पण २०२३मध्ये टर्निटिनने आपल्याच चुकांचा जो हिशेब मांडला तो याच्याशी जुळतो. पूर्ण मजकुराच्या पातळीवर चुकीचा आरोप एक टक्क्याहून कमी, असा त्यांचा दावा होता. पण वाक्याच्या पातळीवर तोच आकडा त्यांनी सुमारे चार टक्के सांगितला. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे चुकीने रंगवलेली माणसाची वाक्यं सापडतात कुठे. त्यातली ५४ टक्के एआयच्या खऱ्या वाक्यांना अगदी लागून होती, आणि आणखी २६ टक्के दोन वाक्यांच्या अंतरावर. म्हणजे दर दहातल्या आठ चुका सीमेवरच्या. मिश्र निबंधातल्या रंगीत पट्ट्याची टोकं भरवशाची नसतात. असलाच तर मधला भाग असतो.

पण ज्या निबंधात एआयचा शब्दही नाही, त्यातले परिच्छेद वेगवेगळे का ठरतात? कारण निबंधाचा प्रत्येक परिच्छेद एकाच जातीचा नसतो. प्रस्तावनेत व्याख्या येतात, सगळ्यांना माहीत असलेली पार्श्वभूमी येते, ‘या प्रबंधात आपण अमुक पाहू’ हे येतं. समारोपात तेच पुन्हा सांगितलं जातं. मधे मुलगी स्वतः गावात जाऊन बोलली असेल, तर बोअर, बांध, काका, वाद असं सगळं येतं. अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला प्रस्तावना गुळगुळीत लागते आणि मधला भाग खडबडीत. त्यामुळे पहिला आणि शेवटचा परिच्छेद रंगला आणि मधले कोरे राहिले, तर मला आधी साच्याचा संशय येतो, नकलेचा नंतर. अमेरिकेची राज्यघटना काही साधनांनी एआयलिखित ठरवली त्याचंही कारण याच कुळातलं आहे. मॉडेलनी शिकताना ती इतक्या वेळा वाचलेली असते की तिच्यातला पुढचा शब्द त्यांना आधीच ठाऊक असतो.

यावरून असं वाटेल की वाक्यं सोडा, पूर्ण मजकुराचा गुण धरा म्हणजे झालं. तेही पुरेसं नाही. लांब मजकुराने योगायोगाची चूक घटते, पण एकाच दिशेला झुकलेली चूक घटत नाही. काटाच दोषी असेल तर दहादा तोलूनही वजन चुकीचंच येणार. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. हे निकाल पूर्ण निबंधांचेच होते. मर्यादित शब्दसंग्रहातून लिहिणाऱ्याचं प्रत्येकच वाक्य अपेक्षित वळणाचं होतं, त्यामुळे सरासरी काढून त्याला काही दिलासा मिळत नाही. मराठी माध्यमातून जाऊन तिकडे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यांच्या बाबतीत सुट्या परिच्छेदाचा निकाल डळमळीत असतो, आणि पूर्ण प्रबंधाचा निकाल ठाम दिसत असूनही चुकीचा असू शकतो.

टक्केवारीचा अर्थही प्रत्येक साधनात एक नसतो. टर्निटिनचे ४० टक्के म्हणजे तपासण्याजोग्या मजकुरातला इतका भाग एआयचा वाटतो. यादी, तक्ते, संदर्भसूची त्या हिशेबात धरत नाहीत. दुसऱ्या एखाद्या साधनात ४० टक्के म्हणजे अख्खा मजकूर एआयचा असण्याची शक्यता. पहिल्याचा अर्थ ‘निबंधाचा एवढा तुकडा’, दुसऱ्याचा ‘आमची एवढी खात्री’. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दोन्ही साधनांनी चाळीसच सांगितले’ म्हणणाऱ्याने अहवाल वाचलेलाच नसतो.

वादात सापडलेल्या परिच्छेदाची एक सोपी परीक्षा घेता येते. तो सुटा न तपासता पुरेशा लांबीच्या मजकुरात ठेवून तपासायचा, पण दर वेळी शेजारी वेगळे: एकदा त्याच मुलीने वर्गात, हाताने लिहिलेल्या जुन्या निबंधातले परिच्छेद मागेपुढे लावून, एकदा मूळ जागी. शेजार बदलल्यावर रंग जात असेल, तर तो त्या परिच्छेदाने मिळवलेला नव्हता. कुठेही ठेवला तरी तसाच रंगत असेल, तर मग तिच्यासोबत बसून त्या परिच्छेदाचे कच्चे खर्डे मागायचे आणि फाइलीचा बदलांचा इतिहास उघडायचा. एका दमात चिकटवलेली सात वाक्यं तिथे वेळेसकट दिसतात. पंधरावं वाक्य तीनदा खोडून लिहिलेलं असेल, तर तेही दिसतं.