लाल आकडे पुसट का दिसत होते

माझी ताई नाशिकला दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करते. लॅपटॉपच्या छोट्या पडद्याला कंटाळून तिनं ४३ इंची ४के टीव्ही टेबलावर ठेवला आणि एचडीएमआय केबलनं लॅपटॉप त्याला जोडला. मोठमोठे तक्ते एका नजरेत दिसू लागले, पण आठवडाभरात डोळे दुखू लागले. चष्म्याचा नंबर तपासला, तो बदललेला नव्हता. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "काळे आकडे बरे दिसतात रे, पण लाल आकडा आला की जसा काही ओल्या कागदावर शाई फुटलीय."

तिच्या या एका वाक्यात निदान होतं. पडदा खराब असता किंवा अंतर चुकलं असतं, तर काळे आकडेही फुटले असते. इथं फक्त रंग फुटत होता. म्हणजे लॅपटॉप आणि पडदा यांच्यामध्ये कुणीतरी रंगाची काटकसर करत होतं.

ही काटकसर टीव्हीच्या जन्मापासूनची आहे. रंगीत टीव्ही आला तेव्हा घराघरांत कृष्णधवल संच होते आणि ते एका रात्रीत बाद करणं शक्य नव्हतं. फ्रेंच अभियंता जॉर्ज व्हालेन्सी यानं १९३८ मध्ये त्यावर तोड काढली : चित्राचा उजेड एका संदेशात पाठवायचा आणि रंग वेगळा. कृष्णधवल संच नुसता उजेड घेईल, रंगीत संच दोन्ही घेईल. आपल्याकडे १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा ज्यांच्या घरी जुना संच होता त्यांनाही तेच सामने करड्या छटांत दिसले, ते याच विभागणीमुळे.

उजेड आणि रंग वेगळे झाल्यावर आणखी एक सोय हाती आली. माणसाचा डोळा उजेडातले बारीक फरक छान टिपतो, पण रंगाच्या बाबतीत तो बराच ढिला आहे. मग रंग जाडाभरडा पाठवला तरी चालतं. आजही डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि नेटवरून येणारे बहुतेक सगळे चित्रपट असेच साठवलेले असतात. प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, उजेड स्वतंत्र लिहिलेला असतो आणि रंग मात्र शेजारच्या चार पिक्सेलांना मिळून एकच. यालाच क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात. क्रोमा म्हणजे रंगाचा भाग, आणि सबसॅम्पलिंग म्हणजे त्याचे नमुने कमी घेणं.

पेटीवर किंवा मेनूत दिसणारे ४:४:४ किंवा ४:२:० हे आकडे त्याचंच माप सांगतात. चार पिक्सेलांच्या, एकाखाली एक अशा दोन ओळी डोळ्यांसमोर आणा. पहिला आकडा म्हणजे ओळीतले चार पिक्सेल. दुसरा सांगतो की पहिल्या ओळीत रंगाचे किती नमुने आहेत, आणि तिसरा सांगतो की खालच्या ओळीत नवे किती आहेत. ४:४:४ मध्ये प्रत्येकाला स्वतःचा रंग असतो. ४:२:२ मध्ये दोघांत एक. ४:२:० मध्ये खालच्या ओळीला नवा रंग मिळतच नाही, वरचाच वापरायचा. आठ पिक्सेलांमागे रंगाचे दोनच नमुने उरतात आणि संदेशाचा एकूण आकार निम्मा होतो.

चेहरा, आकाश, भाताचं शेत यांत शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिळतेजुळते असतात, म्हणून तिथं ही तूट कळत नाही. अक्षर मात्र पिक्सेलभर रुंदीच्या रेघांचं बनलेलं असतं. काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल रुंदीची लाल उभी रेघ घ्या. लालचं प्रमाण ० ते २५५ असं मोजलं तर रेघेवर २५५ आणि शेजारी ० असतं. शुद्ध लाल रंगाचा उजेड पांढऱ्याच्या जेमतेम एक पंचमांश असतो, म्हणजे ५४. हा उजेड जिथल्या तिथे राहतो. रंग मात्र रेघ आणि तिच्या शेजारचा काळा पिक्सेल यांत सारखा वाटला जातो. साधी सरासरी धरून हिशेब केला, तर रेघेवरचं लाल २५५ वरून सुमारे १५४ वर येतं आणि शेजारी, जिथं निव्वळ काळं हवं होतं, तिथं सुमारे १०० चढतं. एका ठसठशीत रेघेच्या दोन मळकट रेघा झाल्या. ताईची फुटलेली शाई ती हीच.

काळ्यावर पांढरी रेघ असेल तर असं काहीच होत नाही. काळा आणि पांढरा यांच्यात फरक आहे तो फक्त उजेडाचा, रंग दोन्हीत शून्य. शून्याची सरासरी शून्यच. सर्वांत वाईट जोडी निळ्यावर लाल. दोघांचाही उजेड कमी, त्यामुळे अक्षराचा आकार जवळजवळ रंगावरच पेललेला असतो आणि तोच पातळ केला जातो. विंडोजमध्ये मात्र काळी अक्षरंही पूर्ण सुटत नाहीत. क्लिअरटाइप नावाची सोय अक्षरांच्या कडांना बारीकशा लाल-निळ्या छटा देते, म्हणजे ती गुळगुळीत दिसावीत. रंग कापला गेला की त्या कडा गढूळ होतात. काळे आकडे "बरे" दिसतात असं ताई म्हणाली, छान दिसतात असं नाही.

टीव्हीसमोर बसल्यावर हे कसं ओळखायचं? मी विंडोजचं Scale तात्पुरतं १०० टक्क्यांवर आणलं आणि पेंटमध्ये दोन ठसे काढले. एकात एकाआड एक पिक्सेलभर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, दुसऱ्यात तशाच काळ्या-लाल. चित्र १०० टक्के आकारात ठेवून जवळून पाहिलं. काळ्या-पांढऱ्या रेघा सुट्या दिसत होत्या आणि काळ्या-लाल एकमेकींत मिसळून विटकरी पट्टा झाला होता. ही क्रोमाची खूण. काळ्या-पांढऱ्या रेघाही धूसर झाल्या असत्या, तर गुन्हेगार दुसरा असता : टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापत असावा किंवा लॅपटॉप टीव्हीच्या मूळ मापापेक्षा वेगळ्या मापाचं चित्र पाठवत असावा. फुगवण्याची ही सवय जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीपासून आलेली आहे. ती बंद करायला एलजीच्या संचात Just Scan असतं, सोनीत Full pixel. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ३२ इंची HD Ready संचांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या बऱ्याच पडद्यांवर मुळात १३६६ बाय ७६८ इतकेच पिक्सेल असतात, त्यामुळे १९२० बाय १०८० चं चित्र त्यांत कोंबून बसवावंच लागतं.

ताईच्या टीव्हीत रंग दोन ठिकाणी कापला जात होता, हे मला टप्प्याटप्प्यानं उमगलं. विंडोज ११ मध्ये Settings, System, Display, Advanced display या वाटेनं गेलं की Color format ची ओळ दिसते. तिथं लिहिलं होतं YCbCr420. म्हणजे लॅपटॉपच निम्मा संदेश पाठवत होता. कारण हिशेबाचं आहे. ४के चित्रात ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट होतात. जुन्या एचडीएमआय १.४ मधून चित्राचे जेमतेम ८१६ कोटी जातात. ४:२:० केलं की तोच ऐवज ५९७ कोटींवर येतो आणि मावतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये पूर्ण रंग मावतो, आणि ताईच्या दोन्ही यंत्रांत तो होता. पण जुन्या सेट-टॉप बॉक्सशी भांडण नको म्हणून अनेक टीव्हींची एचडीएमआय खाच कारखान्यातून जुन्या वेगावर ठेवलेली असते आणि "मला ४:२:० च चालतं" असं ती लॅपटॉपला सांगते.

ही गाठ टीव्हीच्या मेनूत सुटते. एलजीत ती HDMI Ultra HD Deep Colour नावानं आहे, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, तर सोनीत HDMI signal format खाली Enhanced format. ती सोय ज्या खाचेत केबल आहे तिच्यासाठीच चालू करावी लागते. मी ती चालू केली, पडदा दोन क्षण काळा झाला आणि Color format मध्ये RGB आलं. कुठे ते येत नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. जुन्या लॅपटॉपवर दुसरी तडजोड आहे : सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं. रंग पूर्ण मिळतो, पण माउसचा बाण अडखळत चालतो. हिशेबाच्या कामाला मी हीच तडजोड निवडेन.

एवढं करूनही लाल रेघा पूर्ण सुटल्या नाहीत. लॅपटॉपकडून रंग पुरा येत होता आणि टीव्ही आत घेऊन तो पुन्हा कापत होता. टीव्हीच्या पोटात चित्रावर बरेच संस्कार होतात. दाणेदारपणा पुसला जातो, हालचाल सफाईदार व्हावी म्हणून दोन चित्रांच्या मधली चित्रं रचली जातात, कडा ठळक केल्या जातात. त्यासाठी एकावेळी अनेक चित्रं स्मृतीत धरावी लागतात. रंग ४:२:२ वर आणला की हे ओझं हलकं होतं, म्हणून नेहमीच्या मोडमध्ये तसं केलं जातं. खाचेपलीकडे संगणक आहे हे कळलं, की टीव्ही यातलं बरंचसं गुंडाळून ठेवतो आणि आलेला पिक्सेल आला तसा पडद्यावर मांडतो. पीसी मोड तो हाच.

तो लावायची पद्धत जरा विचित्र आहे. एलजी आणि सॅमसंगच्या अनेक संचांत चित्राच्या मेनूत तो सापडतच नाही. खाचांच्या यादीत जाऊन Edit मधून त्या खाचेची ओळख बदलून PC करावी लागते. ती नुसती नावाची पाटी वाटते, पण आतला मार्ग तिच्यावर ठरतो. सोनीत Graphics हा पिक्चर मोड ते काम करतो. ताईच्या टीव्हीवर पाटी बदलताच विटकरी पट्ट्याच्या वेगळ्या लाल रेघा झाल्या, अगदी रेघ न् रेघ. माउसही हाताबरोबर चालू लागला, कारण संस्कारांत जाणारा वेळ वाचला. Sharpness तरीही पाहून घ्यावं, जास्त असेल तर अक्षरांभोवती पांढुरकी किनार येते.

पीसी मोडनं सगळंच निस्तरत नाही. काही पडद्यांत लाल-हिरवा-निळा हे उपठिपके उलट क्रमानं असतात, ओएलईडी संचांत बऱ्याचदा चौथा पांढराही असतो, आणि क्लिअरटाइप नेहमीचा क्रम धरून चालतं. मग ४:४:४ असूनही कडांना रंगाची झाक राहते. स्टार्टमध्ये `cttune` लिहून येणाऱ्या नमुन्यांतून त्यातल्या त्यात स्वच्छ दिसेल तो निवडता येतो.

चित्रपट बघताना पीसी मोड काढावा का, असं ताईनं विचारलं. रंगाच्या दृष्टीनं काही बिघडत नाही, चित्रपट मुळातच ४:२:० मध्ये येतो. हालचाल सफाईदार करणारी सोय तेवढी मिळत नाही. मात्र PC ही पाटी त्या एका खाचेपुरतीच असते, केबल दुसरीकडे खोचली की रंग पुन्हा फुटतील. म्हणून निघताना मी टीव्हीमागे त्या खाचेजवळ चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर "हिशेब" असं लिहून ठेवलं.