पॅरासिटामॉल आणि दारू : उशिरा उमगलेल्या धोक्याचा मागोवा

दारूवर गोळी घेऊ नये, हे आपल्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. का घेऊ नये, असं विचारलं तर मात्र उत्तरं गडबडतात. कुणी उलट्यांची भीती सांगतो, कुणी लिव्हर खराब होतं म्हणतो, तर कुणाच्या मते गोळीचा गुणच येत नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या औषधगटांच्या आहेत, शरीरात त्या दोन वेगळ्या वाटांनी घडतात आणि वैद्यकाला त्या वेगवेगळ्या काळात कळल्या. एकीत माणूस तासाभरात लालबुंद होऊन ओकू लागतो. दुसरीत पहिला दिवस त्याला फारसं काहीच होत नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटते, आणि आपल्याकडे तिचीच चर्चा सर्वांत कमी होते.

आधी कळली ती गाजावाजा करणारी. 1937 साली अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं की एका विशिष्ट गंधकयुक्त रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. घोटभर घेतली तरी चेहरा तापतो, छाती धडधडते. पुढच्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक त्याच कुळातलं डायसल्फिराम जंतांवर चालतं का, ते पाहत होते. औषध त्यांनी स्वतःच घेऊन पाहिलं आणि नंतर दारू प्यायल्यावर दोघांचेही हाल झाले. कारण शोधताना सापडलं ते असं : यकृत दारूचं रूपांतर आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात करतं आणि लगेच दुसरं एक एन्झाइम त्याला निरुपद्रवी करतं. डायसल्फिराम या दुसऱ्या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. 1948 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि डायसल्फिराम दारू सोडवण्याचं औषध म्हणून जगभर गेलं. आपल्याकडच्या व्यसनमुक्तीच्या उपचारांतही ते वापरतात.

प्रतिजैविकं या गोष्टीत 1980 च्या सुमारास आली. सेफॅलोस्पोरिन गटातली काही नवी इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णांनी दारू घेतली की तीच लक्षणं दिसू लागली. या औषधांच्या रेणूला एक विशिष्ट शेपटी असते. शरीरात ती सुटी होते आणि डायसल्फिरामसारखंच त्या दुसऱ्या एन्झाइमला बांधून ठेवते. त्यांपैकी सेफोपेराझोन आज भारतातल्या रुग्णालयांत सल्बॅक्टमच्या जोडीने सर्रास दिलं जातं. शेवटच्या डोसनंतर तीन दिवसांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. डिस्चार्ज मिळाला म्हणून घरी आल्या आल्या ग्लास भरणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. दवाखान्यात नेहमी लिहून मिळणाऱ्या सेफिक्झिमच्या गोळीला मात्र ही शेपटी नाही.

मेट्रोनिडाझोलची कथा वेगळी आहे. जुलाब-आव यांवर आपल्याकडे घरोघरी पोचलेलं हे औषध. 1964 साली असा अहवाल आला की ते घेणाऱ्यांना दारू नकोशी होते, आणि तेव्हापासून ‘यावर दारू म्हणजे उलट्या’ हे पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ते तपासलं. बारा निरोगी पुरुषांपैकी निम्म्यांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल, निम्म्यांना खोटी गोळी, मग सगळ्यांना दारू. ॲसिटाल्डिहाइडमध्येही फरक नाही आणि लक्षणांमध्येही नाही. 2021 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तर मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळण्याची गरज नसल्याचं म्हटलं. बारा निरोगी माणसांवरून सगळ्यांची खात्री देता येत नाही आणि औषधाच्या माहितीपत्रकात इशारा अजून छापला जातो. म्हणून तो पाळावा, असंच माझं मत आहे. पण शनिवारी प्यायची म्हणून शनिवारची गोळी चुकवणारे लोक असतात. दारूपेक्षा तो चुकवलेला डोसच त्यांना महागात पडण्याची शक्यता जास्त.

आता पॅरासिटामॉल. ते 1893 मध्येच रुग्णांना देऊन पाहिलं गेलं होतं, पण रक्तावर दुष्परिणाम होतो, या समजुतीने बाजूला पडलं. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी ते पुन्हा उजेडात आणलं आणि 1955-56 पासून अमेरिका-ब्रिटनमध्ये ते दुकानात मिळू लागलं. पोटाला न झोंबणारं, मुलांनाही देता येणारं औषध म्हणून त्याचा लौकिक झाला. 1966 साली स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी एकदम खूप गोळ्या घेऊन यकृत निकामी झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे कळलं की या सौम्य औषधाला दुसरी बाजू आहे.

ती बाजू 1973 मध्ये ब्रोडींच्याच गटाने अमेरिकेत उंदरांवर उलगडली. पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृत साखरेच्या किंवा गंधकाच्या रेणूला जोडून लघवीवाटे काढून टाकतं. पाच-दहा टक्के भाग मात्र एका एन्झाइमच्या हाती लागतो आणि त्यापासून अतिशय आक्रमक असा पदार्थ तयार होतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या पदार्थाला जागीच निष्प्रभ करतो. साठा तीसेक टक्क्यांच्या खाली उतरला की तो पदार्थ पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतो आणि पेशी मरतात.

इथेच दारू आत शिरते. तो विषारी भाग तयार करणारं मुख्य एन्झाइम, सीवायपी2ई1, दारूवरही काम करतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात त्याचं प्रमाण वाढतं, आणि दुसरीकडे ग्लुटाथायोनचा साठा रोडावतो. विष बनवणारे वाढले आणि विष आवरणारे घटले. पण याला एक विचित्र पोटकलम आहे. दारू रक्तात असते तोवर ते एन्झाइम दारूतच गुंतलेलं असतं, त्यामुळे गोळीचं विष उलट कमी बनतं. दारू उतरली की वाढलेलं एन्झाइम मोकळं होतं. सिएटलमध्ये 2000 साली निरोगी माणसांना काही तास शिरेतून दारू देऊन, ती थांबवल्यावर आठ तासांनी पॅरासिटामॉल दिलं, तेव्हा त्या विषारी पदार्थाची निर्मिती सरासरी 22 टक्के वाढली. एका रात्रीच्या पिण्यात एवढं, तर वर्षानुवर्षांच्या सवयीत याहून जास्त.

म्हणजे धोक्याची वेळ दारू पितानाची नव्हे, तर ती थांबल्यानंतरची. 1993 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जे घडलं ते या धोक्याचं उदाहरण आहे. रोज रात्री जेवणाबरोबर वाइन घेणाऱ्या एका गृहस्थांना फ्लू झाला. वेष्टनावर लिहिलेल्या मर्यादेत त्यांनी काही दिवस पॅरासिटामॉल घेतलं. आठवडाही झाला नव्हता तोच ते बेशुद्धावस्थेत, यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन रुग्णालयात पोचले. यकृतरोपणाने जीव वाचला. वेष्टनावर दारूबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्यूरीने 1994 मध्ये त्यांना ऐंशी लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत 1980 च्या दशकापासून येत होते, 1995 मध्ये तर अशा 67 जणांचा एकत्रित अभ्यास आला. तरीही अमेरिकी औषध प्रशासनाने रोज तीन किंवा अधिक पेये घेणाऱ्यांसाठीचा इशारा सक्तीचा केला तो 1998 मध्ये. एवढा उशीर मला अक्षम्य वाटतो.

‘तीन पेये’ म्हणजे आपल्या मापात किती? अमेरिकी एक पेय म्हणजे चौदा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपली क्वार्टर 180 मिलिलीटरची, 42.8 टक्क्यांची. त्यात साधारण साठ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार पेयांहून जास्त. रोज क्वार्टर घेणारा त्या इशाऱ्याच्या पार पलीकडे आहे. त्याला ताप आला असं समजा. ताप म्हणून दारू बंद, तोंडाला चव नाही म्हणून जेवणही बंद. उपाशीपणाने ग्लुटाथायोन आणखी आटतं आणि साखरेच्या वाटेने गोळी बाहेर काढण्याची यकृताची ताकदही घटते. अंग मोडून आलंय म्हणून तो 650 ची गोळी दर चार तासांनी, दिवसाला सहा घेतो. ते झालं 3.9 ग्रॅम. सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळीत पॅरासिटामॉल 500 असतं हे त्याला माहीत नाही. तीन वेळा ती. एकूण 5.4 ग्रॅम, आणि निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा आहे 4 ग्रॅम. त्याच्या हिशेबी त्याने तापाच्या आणि सर्दीच्या साध्या गोळ्या घेतल्या, शिवाय दारूही सोडली होती.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 2001 मध्ये नुकतीच दारू सोडलेल्या व्यसनी लोकांना दोन दिवस रोज 4 ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा यकृताला इजा दिसली नाही. त्यामुळे एक-दोन गोळ्यांनी प्रत्येक पिणाऱ्याचं यकृत जातं, असं म्हणणं चूक आहे. मात्र ते दोनच दिवस होते, देखरेखीखालचे, मोजून दिलेले. घरातला ताप पाच दिवस चालतो आणि तिथे मोजणारा कुणी नसतो.

ओळखायचं कसं? पहिल्या चोवीस तासांत मळमळ, थकवा, किंवा काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, हिरड्यांतून रक्त, असंबद्ध बोलणं. पिणाऱ्याला कावीळ झाली की ‘दारूची कावीळ’ म्हणून सगळे मोकळे होतात. पण निव्वळ दारूने सुजलेल्या यकृतात एसजीओटी सहसा तीन-चारशेपलीकडे जात नाही. हा आकडा हजारांत असेल तर डॉक्टरच्या मनात पॅरासिटामॉल आलंच पाहिजे. कारण याला उतारा आहे. एडिंबरोच्या प्रेस्कॉट यांनी 1970 च्या दशकात रूढ केलेलं एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून देतात. ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतं. एकदम घेतलेल्या मोठ्या डोसनंतर आठ तासांच्या आत दिलं तर यकृत जवळपास नेहमी वाचतं. उशीर झाला तरी द्यायचंच असतं, फक्त खात्री कमी होत जाते.

रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉल सोडून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनकडे वळणं हा उपाय नाही, त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्याने डॉक्टरला पिण्याचं खरं प्रमाण सांगावं. अशा रुग्णाला पुष्कळ डॉक्टर दिवसाला 2 ग्रॅमवर थांबवतात. आणि घरच्यांना माझी विनंती आहे : ताप ओसरल्यावरही माणूस ओकत असेल, पिवळा दिसत असेल, तर संपलेल्या गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि तो रोज किती प्यायचा हे लाज न बाळगता तिथे सांगा.