मामाची मुलगी आणि काकाची मुलगी

कन्नड घरात वडिलांचा थोरला भाऊ ‘दोड्डप्प’ असतो, म्हणजे मोठा बाप, आणि धाकटा ‘चिक्कप्प’, लहान बाप. आईच्या बहिणींचंही तसंच: थोरली दोड्डम्म, धाकटी चिक्कम्म. मामा आणि आत्या मात्र या आईबापांच्या रांगेत बसत नाहीत. मामा ‘सोदरमाव’, आत्या ‘अत्ते’.

यातूनच पुढची पिढी दोन गटांत विभागली जाते. चिक्कप्पाची मुलगी बापाचीच मुलगी ठरते, म्हणून तिला सख्ख्या बहिणीचाच शब्द मिळतो: आपल्याहून मोठी असेल तर अक्क, धाकटी असेल तर तंगी. मुलगा असेल तर अण्ण किंवा तम्म. इथे वय तिचं नि आपलं पाहायचं, तिच्या वडिलांचं नव्हे. दोड्डप्पाची मुलगीसुद्धा आपली तंगी असू शकते. मावशीच्या मुलांनाही हाच न्याय. मामाची आणि आत्याची मुलं मात्र भावंडं नाहीत, त्यांच्याशी लग्न होऊ शकतं. म्हणूनच ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. ‘माव’ म्हणजे सासरा, आणि मामाच्या नावातही तोच शब्द आहे.

दूरच्या नात्यांतही हा हिशेब चालतो. वडिलांची चुलत बहीण घ्या. चुलत बहीण ही बहीणच, म्हणून ती आपली अत्ते, आणि तिचा मुलगा आतेभावाच्या जागी. वडिलांच्या चुलत भावाचा मुलगा मात्र आपला भाऊ. दोघांचं रक्ताचं अंतर सारखंच. तरी एकाशी सोयरीक जुळू शकते, दुसऱ्याशी तो विचारही पाप.

मराठीत चुलत, मावस, आते आणि मामे अशी चारही नाती वेगळी आहेत, आणि चारही ‘बहिणी’च आहेत. शब्दावरून लग्नाचा नियम कळत नाही. तरीही अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत होती नि आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या आप्तसंबंधांवरच्या 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानलं, ते मला पूर्ण पटतं. इथे मुलानं मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी करणं बहुतेक ठिकाणी टाळतात. कन्नड प्रदेशात दोन्ही चालतं. मामाची मुलगी सून होऊन आली की सासू तिची सख्खी आत्याच असते. म्हणून नात्याबाहेरून आलेली सूनही खेड्यापाड्यांत सासूला ‘आत्याबाई’ म्हणते.

पण शब्द आहे म्हणून लग्न होतंच असं नाही. वर्षानुवर्षं नात्यात लग्न न झालेल्या कन्नड घरांतही सासू अत्तेच राहते. 1955 चा हिंदू विवाह कायदा तर भाऊ-बहिणीच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांत धरतो, आणि फक्त रूढीनं मान्य असेल तिथेच त्याला सूट देतो.