नळाचं पाणी, बेडकाचं हृदय आणि दहा मार्कांचा प्रश्न

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर, मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे. 1882 साली त्यांनी तसं छापूनही टाकलं. मग घोळ लक्षात आला. ते पाणी डिस्टिल्ड नव्हतं, नळाचं होतं. डिस्टिल्ड पाणी वापरताच ठोके मंदावत गेले आणि थांबले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, ते गेलं म्हणून हृदय गेलं. पुढच्याच वर्षी रिंगर यांनी दुरुस्ती छापली. वॉर्डात टांगलेल्या ज्या बाटलीला सगळे ‘आरएल’ म्हणतात, त्यातला ‘आर’ यांचाच.

हाच प्रयोग बेडकाच्या मांडीच्या स्नायूवर केला, तर निकाल उलटा लागतो. बाहेरचं कॅल्शियम जवळपास शून्यावर आणलं तरी विजेचा झटका दिला की तो स्नायू आखडतोच. 1972 साली आर्मस्ट्राँग, बेझानिल्ला आणि हॉरोविझ यांनी एकेका तंतूवर हे दाखवून दिलं. ‘तिन्ही स्नायूंतल्या एक्सायटेशन-कॉन्ट्रॅक्शन कपलिंगची तुलना करा’ या मेडिकलच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात दडलेलं आहे. विद्यार्थी मात्र तक्त्यातले तीन कॉलम पाठ करतात आणि कॅल्शियमला तिन्हीकडे एकाच दाराने आत आणतात.

विजेचा संदेश पेशीच्या आवरणावर येतो आणि आतले तंतू आखडतात. मधला निरोप्या कॅल्शियम. हातापायांच्या स्नायूत आवरण जागोजागी आत वळून बारीक नळ्या होतात, त्या टी-ट्यूब्यूल. नळीच्या भिंतीत डीएचपी रिसेप्टर आणि शेजारीच कॅल्शियमच्या कोठाराच्या तोंडाशी, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, रायनोडिन रिसेप्टर. दोघे एकमेकांना चिकटलेले. संदेश आला की पहिल्याचा आकार बदलतो आणि त्या ओढीने दुसऱ्याचं तोंड उघडतं. कडी ओढावी आणि दार उघडावं, तसं. डीएचपी रिसेप्टर मुळात कॅल्शियमचा मार्गच आहे, पण इथे त्यातून काही आत आलं नाही तरी अडत नाही. ‘डीएचपीमधून कॅल्शियम आत येतं आणि कोठार उघडतं’ असं हाडांना जोडलेल्या स्नायूखाली लिहिलं, की मार्क गेलेच म्हणायचे.

ते वाक्य हृदयाचं. तिथे हे दोन रेणू शेजारी असले तरी जोडलेले नाहीत. बाहेरून थोडं कॅल्शियम खरोखर आत यावं लागतं. ते रायनोडिन रिसेप्टरला भिडतं आणि कोठारातून कितीतरी जास्त बाहेर पडतं. सशाच्या हृदयात प्रत्येक ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी साधारण 70 टक्के कोठारातून येतं, बाकीचं मुख्यतः बाहेरून. आत आलेलं तेवढं पुन्हा बाहेरही काढावं लागतं. ते काम सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजरचं: 3 सोडियम आत, 1 कॅल्शियम बाहेर. रिंगर यांचं हृदय का थांबलं, ते इथे कळतं.

इथपर्यंत शेवटची पायरी सारखी आहे, कॅल्शियम ट्रोपोनिनला धरतं. रक्तवाहिन्या, आतडी आणि गर्भाशय यांच्या भिंतीतल्या स्मूथ मसलमध्ये ट्रोपोनिनच नाही. तिथे कॅल्शियम कॅलमोड्युलिनला धरतं, ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज नावाच्या एन्झाइमला जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेट चढवतं आणि मग कुठे ओढ सुरू होते. इतके हात बदलत काम होतं, म्हणून हा स्नायू सावकाश आखडतो.

शिवाय त्याला विजेचा संदेश लागतोच असं नाही. बाळंतपणात ऑक्सिटोसिनची ड्रिप लावतात. ते हार्मोन गर्भाशयाच्या पेशीवरच्या रिसेप्टरला बसतं, आत आयपी-3 नावाचा रेणू तयार होतो आणि तो कोठार उघडतो. त्याच वेळी बाहेरूनही कॅल्शियम येत राहतं. स्मूथ मसलची पट्टी कॅल्शियम नसलेल्या द्रावात ठेवून असं एखादं रसायन टाकलं, तर कोठाराच्या जोरावर ती थोडा वेळ आखडते आणि सैल पडते. बाहेरच्या पुरवठ्याशिवाय ताण टिकत नाही.

परीक्षकाने व्हायवात निफेडिपिनचं नाव काढलं, तर हे सगळं एका गोळीवर तपासता येतं. ही गोळी पेशीच्या आवरणातला कॅल्शियमचा तोच मार्ग अडवते. रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर त्या रोखायलाही ती देतात. याच गटातलं व्हेरापामिल हृदयाचा जोर आणि वेग दोन्ही कमी करतं. पण बीपीसाठी रोज निफेडिपिन घेणारी बाई पाण्याची कळशी उचलते, जिना चढते आणि तिचे हातपाय लुळे पडत नाहीत. तिच्या दंडातली कडी कॅल्शियम आत न येताही ओढली जाते.